किती जोराने म्हणायचे? : माइट, शुड आणि मस्ट यांची मराठी वजने

प्रस्तावना

बँकेने ग्राहकाला इंग्रजीत एक ओळ लिहिली आहे असे समजा: ‘यू शुड हॅव रिसीव्ह्ड युअर कार्ड बाय नाऊ.’ हिची दोन मराठी भाषांतरे सहज सुचतात. एक, ‘एव्हाना तुम्हाला कार्ड मिळाले असावे.’ दुसरे, ‘एव्हाना तुम्हाला कार्ड मिळायला हवे होते.’ शब्दकोश समोर ठेवून पाहिले तर दुसरे जास्त बरोबर दिसते, कारण ‘शुड’ला ‘हवे’ हा प्रतिशब्द आपण शाळेपासून घोकलेला. पण पहिली ओळ वाचणारा ग्राहक घरात आलेले टपाल पुन्हा एकदा चाळून बघेल, आणि दुसरी वाचणारा तडक बँकेत जाऊन जाब विचारेल. ‘हवे होते’ म्हटले की पुढचे ‘पण मिळाले नाही’ हे मराठी कानाला न बोलताच ऐकू येते. इंग्रजी वाक्यात ते नव्हते. बँकेचा समज कार्ड पोचले असाच होता.

हे पुस्तक अशा वाक्यांबद्दल आहे. माइट, शुड आणि मस्ट ही इंग्रजीतली तीन छोटी सहायक क्रियापदे. बोलणाऱ्याला एखाद्या गोष्टीची किती खात्री आहे, किंवा ती करण्याची किती सक्ती आहे, हे ती सांगतात. प्रत्येकाला असे दोन धंदे आहेत, हे आधी नीट पाहून घेतलेले बरे. ‘मस्ट’ कधी हुकूम असतो, तर कधी अनुमान. दार वाजवले, आत दिवा दिसतो, म्हणून आपण म्हणतो की माणूस घरी असणार; तिथेही इंग्रज ‘मस्ट’च वापरतो. ‘शुड’ कधी सल्ला असतो, कधी अपेक्षा. ‘माइट’ बहुतेक वेळा शक्यताच सांगतो, तीही हात राखून. मराठीत हे दोन धंदे वेगवेगळी रूपे करतात, त्यामुळे एका इंग्रजी शब्दाला एक मराठी शब्द नेमून देण्याचा प्रत्येक प्रयत्न निम्म्या वाटेवर फसतो.

पुस्तक ग्वाल्हेरच्या खासगी बाजार या पेठेत तयार झाले, आणि ते इथे झाले याला कारण आहे. दौलतराव शिंद्यांचा तळ १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या दक्षिणेला कायमचा पडला. त्या लष्कराच्या तळाचेच लश्कर हे शहर झाले. दरबाराबरोबर आलेली शिलेदार, कारकून, भटभिक्षुक आणि गवयांची मराठी घरे इथल्या पेठांतून स्थिरावली. १९४८ साली संस्थान मध्य भारतात विलीन झाले, १९५६ साली मध्य प्रदेश झाला, आणि शाळा, कचेरी, दवाखाना यांची भाषा हिंदी झाली. घरात मराठी, दारात हिंदी, कागदावर इंग्रजी अशी तीन पदरी भाषा या गल्ल्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. त्यामुळे इथल्या माणसाला इंग्रजी कागद मराठीत करायला दिला की तो नकळत मधल्या पायरीवर, म्हणजे हिंदीवर, थांबून पुढे जातो. त्या पायरीवर वजने बदलतात. ती कशी बदलतात हे दाखवणे हाच पुस्तकाचा मुख्य हेतू. आणि पुण्यामुंबईच्या वाचकाने हे परक्याचे दुखणे समजू नये. वर्तमानपत्रांतली, मोबाइलवरची आणि सरकारी जाहिरातींतली बरीचशी मराठी आता याच वाटेने येते.

विषय नवा नाही. कोणते वाक्य आज्ञा, कोणते आमंत्रण आणि कोणती विनंती, याचा विचार आपल्याकडे पाणिनीपासून आहे. विधिलिङ्‌चे अर्थ सांगताना त्याने विधी, निमंत्रण, आमंत्रण, अधीष्ट, संप्रश्न आणि प्रार्थना अशी यादीच दिली. पुढच्या टीकाकारांनी निमंत्रण आणि आमंत्रण यांतला फरक सांगितला तो आजच्या भाषांतरकारानेही ध्यानात ठेवण्याजोगा आहे: निमंत्रण टाळता येत नाही, आमंत्रणाचे ज्याच्या त्याच्या मर्जीवर. एकाच क्रियारूपात जोराच्या दोन पायऱ्या असू शकतात आणि त्या प्रसंगावरून ओळखायच्या, हे इथे स्पष्ट मान्य केलेले आहे.

मराठी व्याकरणात हा विचार ‘अर्थ’ या नावाखाली आला. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ सालचे, मोरो केशव दामल्यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ सालचे. स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ ही चौकट आपण शाळेत शिकलो ती याच परंपरेतली. विध्यर्थाखाली कर्तव्य, योग्यता, शक्यता, इच्छा अशी निरनिराळी माणसे एकाच छपराखाली राहतात, आणि ते छप्पर म्हणजे ‘-आवे’ हा प्रत्यय. ‘करावे’ हे मुळात संस्कृत ‘कर्तव्य’चेच उतरलेले रूप; म्हणूनच ‘त्याने करावे’ असा कर्ता तृतीयेत राहतो. ‘पाहिजे’चा इतिहास याहून मजेदार. तो जुन्या मराठीतल्या कर्मणी रूपाचा अवशेष आहे, ‘म्हणजे’सारखाच. ‘पाहिले जाते’, म्हणजे ‘शोधले जाते, हवे असते’, असा त्याचा प्रवास. इच्छेतून गरज निघाली आणि गरजेतून सक्ती.

इंग्रजीच्या बाजूला मोल्सवर्थ आणि कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली आला आणि पुढे तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने कित्येक पिढ्या घडवल्या. पाठमालेची शिस्त मोठी, पण तिने एक सवयही लावली: इंग्रजी शब्द, त्याचा मराठी अर्थ, पुढचा शब्द. ‘मस्ट म्हणजे पाहिजे’ ही ओळ आजही शिकवण्यांतून तशीच घोकली जाते.

विसाव्या शतकात या विषयाला तर्कशास्त्राने हात घातला. फॉन राइट याने १९५१ साली ज्ञानाशी निगडित आणि कर्तव्याशी निगडित अशी विभागणी मांडली. एफ. आर. पामर याने १९८६ सालच्या ‘मूड अँड मोडॅलिटी’ या पुस्तकात तिचा जगभरच्या भाषांवर उपयोग करून पाहिला. याच्या आधीच अँजेलिका क्रॅट्झर हिने १९७७ साली वेगळी बाजू दाखवली होती. तिचे म्हणणे थोडक्यात असे की ‘मस्ट’चे दोन अर्थ नाहीत, अर्थ एकच आहे, बदलतो तो आधार. कायद्याच्या आधाराने बोललो तर सक्ती, पुराव्याच्या आधाराने बोललो तर अनुमान. भाषांतरकाराच्या दृष्टीने मला ही मांडणी सर्वांत कामाची वाटते, कारण ती आपल्याला एक प्रश्न विचारायला लावते: हे वाक्य कशाच्या जोरावर बोलले गेले आहे? मराठी दोन आधारांना दोन वेगळी रूपे देते, तेव्हा हा प्रश्न न विचारता पुढे जाताच येत नाही.

काई फॉन फिंटेल आणि सबीन इयात्रिदू यांनी २००८ साली दाखवलेली गोष्टही इथे उपयोगी पडते. पुष्कळ भाषांना ‘शुड’साठी वेगळा शब्दच नसतो. त्या ‘मस्ट’चाच शब्द घेतात आणि त्याला ‘असते तर’ छापाचे रूप चढवून त्याची धार बोथट करतात. इंग्रजीनेही पूर्वी काहीसे असेच केलेले आहे: ‘माइट’ हे ‘मे’चे भूतकाळी रूप, ‘शुड’ हे ‘शॅल’चे. भूतकाळाच्या अंतराने आवाज खाली आला. ‘मस्ट’ही मुळात भूतकाळी रूपच, पण त्याचा वर्तमानकाळ इंग्रजीतून नाहीसा झाला आणि त्याचा जोर मात्र कायम राहिला. मराठीत ‘होते’ जोडून जोर कमी होत नाही, तिथे संधी हुकल्याची तक्रार उभी राहते. बँकेच्या वाक्यात फसगत झाली ती इथेच.

आता मराठीची स्वतःची शिडी पाहू. आधी अनुमानाची. शेजारी घरी आहे का, या प्रश्नाला खालून वर अशी उत्तरे मिळतात: ‘असेलही’, ‘असेल’, ‘असावा’, ‘असणार’, ‘असलाच पाहिजे’. ‘असेलही’मध्ये बोलणारा काहीच अंगावर घेत नाही, ‘माइट’ची जागा ही. ‘असेल’मध्ये अंदाज आहे. ‘असावा’ म्हणताना काहीतरी खूण हाताशी असते, निदान अपेक्षेला कारण असते. अपेक्षेचा ‘शुड’ इथे बसतो. ‘असणार’ला पक्का पुरावा लागतो, पण प्रत्यक्ष पाहिलेले नसते. पाहिले असते तर आपण नुसते ‘आहे’ म्हटले असते. इंग्रजी ‘मस्ट’चीही हीच गंमत आहे: तो कितीही ठाम वाटला तरी बोलणाऱ्याने स्वतः पाहिलेले नाही हे तो कबूल करतो.

‘असू शकतो’ हे रूप मी या शिडीवर मुद्दाम ठेवलेले नाही. मराठीत ‘शकणे’ मुख्यतः अंगच्या ताकदीसाठी होते. ‘पाऊस पडू शकतो’ हे आता सर्रास ऐकू येते आणि त्याला चूक म्हणण्यात अर्थ नाही. पण ‘कॅन’, ‘मे’ आणि ‘माइट’ या तिन्हींवर तेच एक झाकण बसवल्यामुळे ‘पडेलही’ आणि ‘पडण्याचा संभव आहे’ यांतला फरक बुजतो. हवामानाच्या बातमीत तो बुजणे शेतकऱ्याला महागात पडते.

सक्तीची शिडी जास्त निसरडी आहे. ‘करावे’, ‘करायला हवे’, ‘केले पाहिजे’, ‘केलेच पाहिजे’, ‘करावेच लागेल’ असा चढ ढोबळपणे मांडता येतो, पण पहिलीच पायरी हलती आहे. देवळाबाहेर ‘चपला येथे काढाव्यात’ असे लिहिलेले असते. व्याकरणाने हा सल्ला, व्यवहाराने हुकूम. ‘भिंतीवर जाहिराती लावू नयेत’ याचेही तसेच. मराठीत संस्था बोलते तेव्हा ती विध्यर्थात बोलते, आणि तिचा विध्यर्थ कुणी सल्ला म्हणून वाचत नाही. म्हणून इंग्रजी नियमावलीतला प्रत्येक ‘शुड’ जर ‘करावे’ झाला, तर वाचकाला शिफारस कोणती आणि बंधन कोणते हे कळायला मार्ग उरत नाही. इंटरनेटचे तांत्रिक नियम लिहिणाऱ्यांनी १९९७ साली RFC 2119 या टिपणात MUST, SHOULD आणि MAY यांच्या व्याख्याच बांधून टाकल्या: पहिल्यातून सुटका नाही, दुसऱ्यातून योग्य कारण असेल आणि परिणाम तोलले असतील तर सुटका आहे, तिसरे ऐच्छिक. असा कागद मराठीत आणताना ‘बंधनकारक आहे’, ‘करावे अशी शिफारस आहे’ आणि ‘ऐच्छिक आहे’ असे उघड लिहिल्याशिवाय गत्यंतर नाही. ते रुक्ष वाटते, आणि तिथे रुक्षच असायला हवे.

शब्दाची सक्ती आणि कायद्याची सक्ती जुळतेच असेही नाही. ज्या कामांत लोकसेवा आयोगाचा सल्ला घ्यायचा ते सांगणाऱ्या संविधानाच्या कलम ३२० मध्ये इंग्रजी ‘शॅल’ आहे. तरी १९५७ साली मनबोधनलाल श्रीवास्तव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती तरतूद बंधनकारक नसून निदेशक आहे असे ठरवले. भाषांतरकाराने मात्र निकालाचा अंदाज बांधून शब्द हलका करू नये. कागदावर जे वजन आहे तेच न्यावे, अर्थ लावणे न्यायालयावर सोडावे.

आता हिंदीची मधली पायरी. एक नमुना घेऊ. लहानशा शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला द्यायच्या सूचनापत्रातली चार वाक्ये मी रचली आहेत. पहिले ‘माइट’चे: एक-दोन दिवस गरगरल्यासारखे होण्याची शक्यता. दुसरे ‘शुड’चे: रोज थोडे चालणे. तिसरे ‘मस्ट’चे: गोळ्या शेवटपर्यंत घेणे. चौथेही ‘मस्ट’चेच, पण अनुमानाचे: पट्टी पूर्ण भिजली तर जखम उघडली आहे असे समजायचे.

हिंदीत ही चार वाक्ये अगदी सहज अशी होतात: ‘चक्कर आ सकता है’, ‘रोज़ थोड़ा चलना चाहिए’, ‘गोलियाँ पूरी लेनी चाहिए’, ‘घाव खुल गया होगा’. तिसऱ्यात ‘लेनी ही होंगी’ म्हणता आले असते, पण घाईत ‘चाहिए’च येते. आता यावरून मराठी: ‘चक्कर येऊ शकते’, ‘रोज थोडे चालले पाहिजे’, ‘गोळ्या पूर्ण घेतल्या पाहिजेत’, ‘जखम उघडली असेल’.

एकेक वाक्य वेगळे काढले तर कशातच चूक सापडत नाही. चारही एकत्र वाचा म्हणजे बिघाड दिसतो. हिंदी ‘चाहिए’ हा सल्ल्याचा शब्द, मराठी ‘पाहिजे’ त्याचा जवळचा नातलग पण बराच कडक. त्यामुळे चालण्याचा सल्ला वाढून सक्ती झाला. गोळ्यांची सक्ती त्याच्याच रांगेत येऊन बसली, म्हणजे दोन्हींत फरक राहिला नाही. दुखत असताना रुग्ण हट्टाने चालतो, आणि तिसऱ्या दिवशी बरे वाटले की गोळ्या सोडतो. दोन्ही सूचनांचे वजन सारखे दिले तर कोणती मोडायची हे तो आपल्या मनाने ठरवणार. चौथ्या वाक्यात उलटे घडले. हिंदी ‘होगा’ हा बऱ्यापैकी पक्का तर्क आहे. मराठी ‘असेल’ तेवढा पक्का नाही. ‘जखम उघडली असेल’ वाचून माणूस सकाळपर्यंत थांबतो. सल्ला चढला आणि अनुमान उतरले, अशी ही उलटसुलट चूक आहे. तीन भाषांच्या घरांत ती मला इतक्या वेळा दिसली की पुस्तकाची मांडणी तिच्याभोवतीच करावी लागली.

दुरुस्ती करताना इंग्रजीकडे थेट जायचे आणि घरातली मराठी वापरायची. ‘एक-दोन दिवस कदाचित गरगरल्यासारखे वाटेलही.’ ‘जमेल तसे रोज थोडे चालावे.’ ‘बरे वाटले तरी गोळ्या मध्येच सोडायच्या नाहीत, संपेपर्यंत घ्यायच्याच.’ ‘पट्टी पूर्ण भिजली तर जखम उघडलेली असणार, लगेच दवाखान्यात या.’ तिसऱ्या वाक्यातल्या ‘सोडायच्या नाहीत’ या घडणीकडे लक्ष द्या. आई मुलाला ‘उन्हात जायचं नाही’ म्हणते त्यात ‘मस्ट नॉट’चा पूर्ण जोर आहे, आणि तरीही ते कचेरीतले वाटत नाही. लेखी मराठी या रूपाला फार कमी वापरते. कागदी भाषेत याच जोरासाठी ‘सोडता कामा नये’ आहे. नुसते ‘सोडू नयेत’ त्याहून मऊ.

नकारात आणखी एक खड्डा आहे. ‘मस्ट नॉट’ म्हणजे मनाई, ‘नीड नॉट’ म्हणजे गरज नाही. मराठी ‘जायला नको’ दोन्हीकडे झुकते. ‘आता दुकानात जायला नको, दूध आलं’ इथे गरज नाही; ‘अशा पावसात जायला नको’ इथे सावध करणे आहे. बोलताना आवाज सांभाळून घेतो. लिहिताना ‘जाण्याची गरज नाही’ किंवा ‘जाऊ नये’ यांतले एक निवडावे लागते.

कर्त्याच्या विभक्तीवरूनही जोर कुठून येतो ते कळते. ‘त्याने जावे’ म्हणताना कर्तव्य त्याचे स्वतःचे असते, ‘त्याला जावे लागेल’ म्हणताना भार बाहेरून पडलेला असतो. हिंदीत ‘उसको जाना चाहिए’ आणि ‘उसको जाना पड़ेगा’ या दोन्हींत ‘को’च येतो. म्हणून आमच्याकडची मुले ‘त्याने जायला पाहिजे’ याऐवजी ‘त्याला जायला पाहिजे’ हेच अधिक म्हणतात. हे अशुद्ध नाही, महाराष्ट्रातही चालते. पण ‘त्याने’ जवळजवळ सुटला की कर्तव्य आणि नाइलाज यांतली एक खूण हातची जाते, एवढे भाषांतरकाराला ठाऊक असावे.

वाक्य नीट उतरले का हे ओळखायला पुस्तकभर एकच कसोटी वापरली आहे: वाक्यामागे शेपूट जोडून बघायचे. सक्तीच्या वाक्याला ‘नाही केले तरी चालेल’ जोडा. ‘जमेल तसे चालावे, नाही चाललात तरी चालेल’ हे खपते; ‘गोळ्या घ्यायच्याच, नाही घेतल्या तरी चालेल’ हे हास्यास्पद होते. अनुमानाच्या वाक्याला ‘पण खात्री नाही’ जोडा. ‘असेल, पण खात्री नाही’ चालते, ‘असणार, पण खात्री नाही’ अडखळते. मूळ इंग्रजी वाक्यालाही तेच शेपूट लावायचे. दोन्हीकडे सारखेच खपले किंवा सारखेच अडखळले तर वजन जुळले. अर्थात कसोटी कानावर चालते, आणि कान प्रांताप्रांताचे वेगळे. ‘हवे’ आणि ‘पाहिजे’ यांतला फरक काहींना स्पष्ट ऐकू येतो, काहींच्या बोलीत ‘हवे’ फारसे येतच नाही. तिथे ‘पाहिजे’ दोघांचे काम करते आणि जोर सगळा ‘च’वर आणि आवाजावर पडतो. अशा वाचकांसाठी लिहिताना ‘केले पाहिजे’वर भिस्त न ठेवता सक्ती असेल तिथे ‘च’ लिहून टाकलेला बरा.

पुस्तकातली उदाहरणे दवाखाना, बँक, भाडेकरार, परीक्षेच्या सूचना आणि यंत्रांची माहितीपत्रके यांतून रचलेली आहेत. कथा-कवितांचे भाषांतर मुद्दाम बाहेर ठेवले आहे, कारण तिथे वजन पात्राच्या स्वभावावरून ठरते आणि तो निराळा अभ्यास आहे. व्याकरणाचे पूर्वज्ञान गृहीत धरलेले नाही; शाळेतला विध्यर्थ विसरला असाल तरी अडणार नाही.

एक विनंती. इथली निरीक्षणे ग्वाल्हेरच्या कानाची आहेत. बडोदे, तंजावर, बेळगाव इथल्या मराठी घरांत मधली पायरी वेगळी आहे: कुठे गुजराती, कुठे तमिळ, कुठे कन्नड. तुमच्याकडे ‘पाहिजे’ सल्ला म्हणून ऐकू येते की हुकूम म्हणून, आणि ‘असेल’वर तुम्ही कितपत विसंबता, हे वाक्यासकट आणि प्रसंगासकट लिहून कळवा. पुढच्या आवृत्तीत अशा उदाहरणांना स्वतंत्र जागा ठेवली आहे.